ज्येष्ठांच्या बीपी शिबिरांच्या आयोजकांना खुले पत्र: आधी उभं करून मोजा, मग गोळी वाढवा

प्रति,
सोलापूर शहरात ज्येष्ठ नागरिकांसाठी रक्तदाब तपासणी शिबिरे भरवणारे सर्व आयोजक, आणि त्या शिबिरांत तपासायला बसणारे डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

पुढच्या फेरीपासून शिबिरात ज्यांचा वरचा आकडा १६० च्या पुढे जाईल त्यांना जागेवरच गोळी सुरू करायची, आणि आधीपासून गोळ्या घेणाऱ्यांची गोळी तिथल्या तिथे वाढवायची, असं तुम्ही ठरवल्याचं कळलं. हेतू चांगला आहे, यात शंका नाही. साखर पेठेपासून जुळे सोलापूरपर्यंत असे हजारो वृद्ध आहेत ज्यांचं बीपी कुणी वर्षानुवर्षं पाहिलेलंच नाही. पण हा नियम जसाच्या तसा लागू झाला, तर काही म्हाताऱ्या माणसांना त्यातून थेट इजा होणार आहे. हे मी जाहीरपणे लिहिते, कारण माझ्या वडिलांना ती इजा झाली आहे. शिवाय मी आयसीयूत सिस्टर म्हणून नोकरी केली आहे, त्यामुळे हे का घडतं ते मला ठाऊक आहे.

प्रश्न एका विशिष्ट गोष्टीचा आहे. काही वृद्धांच्या दंडातली धमनी इतकी कडक झालेली असते की पट्ट्यावर दिसणारा आकडा आतल्या खऱ्या दाबापेक्षा बराच जास्त येतो. वैद्यकशास्त्रात याला स्यूडोहायपरटेन्शन म्हणतात, म्हणजे भासमान उच्च रक्तदाब.

आपण दंडाला पट्टा बांधून हवा भरतो, तेव्हा धमनी बाहेरून दाबून बंद करत असतो. पट्ट्याचा दाब रक्ताच्या दाबाहून जास्त झाला की धमनी मिटते, या गृहीतकावर सगळं मोजमाप उभं आहे. मऊ धमनीच्या बाबतीत ते खरं ठरतं. रबरी नळी बोटाने दाबली की मिटते, लोखंडी नळी मिटत नाही. धमनीच्या मधल्या थरात चुना साचला की तिची भिंत नळासारखी होते, आणि पट्ट्याला रक्ताच्या दाबाशिवाय त्या भिंतीच्या ताठपणाशीही झगडावं लागतं. तो जादा जोरसुद्धा यंत्र रक्तदाबातच धरतं. मधल्या थरातल्या या चुन्याचं वर्णन मोन्केबर्ग या जर्मन पॅथॉलॉजिस्टने १९०३ मध्ये केलं होतं. वाढतं वय, जुना मधुमेह आणि मूत्रपिंडाचा आजार ही त्याची नेहमीची कारणं. हा चुना धमनीच्या आतली वाट फारशी अडवत नाही. त्यामुळे नाडी ठणठणीत लागते, हात गरम असतो, आणि काही बिघडलंय असं कुणाला वाटत नाही.

आता वडिलांबद्दल लिहिते. वय ७८. आयुष्य यंत्रमागावर गेलं. मधुमेह खूप जुना. बीपी पट्ट्यावर नेहमी १८० च्या आसपास, खालचं १०० च्या जवळ. गोळ्या एकावर एक वाढत गेल्या. आधी अ‍ॅम्लोडिपिन, मग टेल्मिसार्टन, मग लघवीची गोळी क्लोरथॅलिडोन, आणि तरीही आकडा उतरेना म्हणून प्राझोसिन. चौथ्या गोळीनंतर ते म्हणू लागले, "उठलं की डोळ्यांपुढं अंधार येतोय." दर वेळी चक्कर आली की बीपी मोजलं जायचं, पट्टा १७५ किंवा १८० दाखवायचा आणि निष्कर्ष ठरलेला असायचा, की बीपी वाढलंय म्हणून चक्कर येतेय. मग गोळीचा डोस वाढायचा, आणि त्यांची चक्करही वाढायची. माझं सगळ्यात मोठं गाऱ्हाणं या चक्राबद्दल आहे. दाब खाली गेल्यामुळे येणारी चक्कर दाब वर गेल्याचा पुरावा मानली गेली. आकडा जितका खोटा, तितका उपचार जास्त, असा तो प्रकार होता.

एकदा कुणीतरी त्यांना उभं करून मोजलं होतं. बसून १७८/१००, आणि तीन मिनिटं उभं राहिल्यावर १४०/८८. कार्डावर "उभ्याने १४०, समाधानकारक" अशी नोंद झाली. खरं तर वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने पडला तरी तो उभ्याने दाब पडण्याचा आजार धरतात. इथे वरचा ३८ ने पडला होता. पण १४० हा आकडा सुंदर दिसत असल्यामुळे घसरणीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही.

मग ते घरात पडले आणि मनगट मोडलं. त्या मनगटाच्या एक्स-रेवर हाडाशेजारून धमनीच्या दोन्ही भिंती दोन समांतर पांढऱ्या रेषांसारख्या स्पष्ट दिसत होत्या. एक्स-रेवर धमनी एरवी दिसत नाही. चुना असला तरच ती दिसते. रिपोर्टमध्ये रक्तवाहिनीत कॅल्शियम असल्याचं एका ओळीत लिहिलेलंही होतं. पण तो एक्स-रे हाडासाठी काढला होता, हाड जुळलं आणि ती ओळ फाइलमध्ये राहिली. बीपी बघणाऱ्यांनी एक्स-रे पाहिला नाही आणि एक्स-रे बघणाऱ्यांना बीपी माहीत नव्हतं.

दुसऱ्यांदा पडले तेव्हा खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेआधी पट्ट्यावरचा आकडा फार जास्त दिसतोय म्हणून भूलतज्ज्ञांनी मनगटाच्या धमनीत आर्टरी लाइन घातली. म्हणजे धमनीत बारीक नळी घालून दाब थेट मोजायचा. दुसऱ्या दंडावर पट्टा होता. दोन्ही हातांचं बीपी आधी मोजून पाहिलेलं होतं आणि त्यात फरक नव्हता. मॉनिटरवर एकाच वेळी दोन आकडे आले. पट्ट्याचा १७६/९८, आणि लाइनचा १२६/६०.

तिथल्या पहिल्या माणसाला वाटलं की लाइन बिघडली. ही शंका रास्त असते. नळीत हवेचा बुडबुडा, रक्ताची गुठळी किंवा पीळ असला की मॉनिटरवरची दाबाची लहर बोथट होते आणि वरचा आकडा खोटा कमी दिसतो. पण बोथट लाइनची एक खूण असते. तिच्यात वरचा आकडा उतरतो तसा खालचा चढतो, आणि सरासरी दाब जवळपास तसाच राहतो. इथे तर खालचाही ९८ वरून ६० वर आला होता. पट्ट्याच्या आकड्यांवरून सरासरी दाब १२४ येत होता, लाइनवर ८२. मग नळीतला दाब टिपणारा ट्रान्सड्यूसर हृदयाच्या पातळीला आणून शून्य पुन्हा जुळवलं आणि फ्लश देऊन लहर तपासली. लहर टोकदार होती. लाइन बरोबर होती आणि पट्टा वरचा आकडा तब्बल ५० ने जास्त सांगत होता. मनगटातला वरचा आकडा हृदयाजवळच्या दाबापेक्षा साधारणपणे थोडा जास्तच येतो, हेही लक्षात घ्या.

आता तो उभ्याचा १४० आठवून पाहा. हा फरक प्रत्येक वेळी तंतोतंत तितकाच असतो असं नाही, पण ढोबळ मानाने त्यातून ५० वजा केले तर उरतात ९०. चार गोळ्या पोटात घेतलेला ७८ वर्षांचा माणूस ९० च्या दाबावर बाथरूमकडे चालत जात होता.

शस्त्रक्रिया नीट झाली. नंतर डॉक्टरांनी प्राझोसिन आणि लघवीची गोळी बंद केली, पुढे आणखी एक कमी केली आणि एकच ठेवली. चक्कर थांबली. वडिलांना बीपी नव्हतंच, असं माझं म्हणणं नाही. थोडं होतं, म्हणून एक गोळी राहिली. पण चार गोळ्यांचं नव्हतं. डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहून मिळालं, की पट्ट्याचा आकडा सुमारे ५० ने जास्त येतो, त्यावरून औषध वाढवू नये.

आणि तुमच्यापैकी एका शिबिरात ते कार्ड हातात असताना पट्टा १८४ दाखवतोय म्हणून त्यांना पुन्हा जादा गोळी देण्यात आली. कार्ड वाचायला कुणालाही वेळ नव्हता, आणि फॉर्मवर ते लिहायला जागा नव्हती. हे पत्र त्यासाठी आहे.

माझी दुसरी तक्रार फॉर्मबद्दल आहे. त्यावर बीपीसाठी एकच चौकट आहे. चक्कर येते का, पडला होता का, गोळी वाढवल्यानंतर त्रास वाढला का, यातलं काही विचारलेलं नाही. भासमान बीपीची शंका यावी अशा खुणा याच प्रश्नांत असतात. यंत्राला त्या कळत नाहीत, तपासणाऱ्याने विचारल्या तरच कळतात.

सगळ्यात मोलाची खूण म्हणजे आकडा आणि शरीर यांचा न जुळणारा हिशेब. वर्षानुवर्षं १८०/१०० खरंच असेल तर ते कुठेतरी ओरखडा उमटवतं. ईसीजी आणि इकोवर हृदयाचा डावा कप्पा जाड दिसतो, डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बदलतात, लघवीतून प्रथिन जातं, क्रिएटिनिन चढतं. वडिलांचा इको स्वच्छ होता. पडद्यावर मधुमेहाचे किरकोळ डाग होते, बीपीचे नव्हते. लघवी आणि क्रिएटिनिन वयाच्या मानाने ठीक होतं. इतका आकडा आणि इतकं निरोगी हृदय एकत्र नांदत असतील तर आकड्यावर संशय घ्यायला हवा होता.

दुसरी खूण खालच्या आकड्याची. महाधमनी ताठ झाली की म्हातारपणी वरचा आकडा चढतो आणि खालचा उतरत जातो, हे रोज दिसणारं चित्र आहे, आणि ते बीपी खरं असतं. त्यामुळे ७८व्या वर्षी, जुन्या मधुमेहात खालचा आकडाही १०० च्या घरात अडकून बसला असेल तर थबकावं. हा पुरावा नव्हे, पण विचारायला लावणारी गोष्ट नक्की आहे.

गोळी वाढवूनही आकडा हलत नाही आणि माणूस मात्र गळत चाललाय, ही तिसरी. पण इथे सांभाळून. उभं राहिल्यावर चक्कर प्राझोसिननेही येते, मधुमेहाने नसा खराब झाल्यानेही येते, आणि आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात लघवीची गोळी घेऊन पाणी कमी प्यायल्यानेही येते. या सगळ्यांत पट्टा खरंच बोलत असू शकतो. एकट्या चक्करेवरून काहीच ठरत नाही. चक्कर, स्वच्छ इको आणि एक्स-रेवरच्या त्या रेषा एकत्र आल्या तरच शंका भक्कम होते.

काही डॉक्टर ऑस्लरची खूण पाहतात. पट्टा फुगवून मनगटातली नाडी बंद करायची आणि ती रिकामी धमनी बोटाखाली तरीही दोरीसारखी लागते का ते बघायचं. विल्यम ऑस्लर यांनी १८९२ मध्येच याकडे लक्ष वेधलं होतं. १९८५ मध्ये मेसर्ली आणि सहकाऱ्यांनी अशी खूण असलेल्या रुग्णांत पट्टा आणि थेट मोजणी यांत १० ते ५४ इतका फरक दाखवला. पण नंतरच्या अभ्यासांत दिसलं की एकाच रुग्णात एका डॉक्टरला ती लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, आणि बीपी खरं असलेल्या किंवा मुळीच नसलेल्या वृद्धांतही ती सापडते. म्हणून शिबिरात ही चाचणी करून निकाल द्या, असं मी अजिबात म्हणणार नाही.

चोवीस तास बीपी मोजणारं यंत्र लावून बघू, असंही एकाने आम्हाला सुचवलं होतं. डॉक्टरांना बघून वाढणारं बीपी त्याने पकडता येतं, कारण ते घरी उतरतं. पण भासमान बीपी घरीही तेवढंच दिसतं. ते यंत्रही पट्टाच आवळून मोजतं, मग चूक तीच राहणार. पाऱ्याचं यंत्र काढून डिजिटल आणल्यानेही हा प्रश्न सुटत नाही.

तिसरी तक्रार तुमच्या १६० च्या आधाराबद्दल. ८० च्या पुढच्यांना बीपीचे उपचार द्यावेत, याला सर्वात भक्कम आधार २००८ च्या हायवेट चाचणीचा आहे. त्या उपचाराने मृत्यू आणि हार्ट फेल्युअर कमी झाले, हे खरं आहे आणि ते कुणी विसरू नये. पण त्या चाचणीत बसून १६० असणं पुरेसं नव्हतं. उभ्याने वरचा आकडा १४० च्या खाली असेल तर त्या माणसाला चाचणीत घेतच नव्हते. लक्ष्य होतं १५०/८०, आणि ते दोन औषधांत गाठायचं होतं. तुम्ही त्यातला १६० चा आकडा घेतला आणि उभं करून मोजणं सोडून दिलं.

हे वाचणाऱ्या ज्येष्ठांना आणि त्यांच्या मुलासुनांना हात जोडून सांगते, की या पत्रावरून स्वतःची गोळी बंद करू नका. भासमान बीपी कमी जणांना असतं, खरं बीपी फार जणांना असतं आणि ते पक्षाघात घडवतं. आकडा खोटा जास्त येण्याची साधी कारणं कितीतरी जास्त आढळतात. जाड दंडाला लहान पट्टा, जिना चढून आल्याबरोबर मोजणं, गोळ्या चुकवणं, ही ती कारणं. आधी ती तपासली पाहिजेत. आणि आकडा खूप जास्त असताना छातीत दुखत असेल, तोंड वाकडं झालं असेल, एका बाजूचा हातपाय लुळा पडला असेल, तर तो खरा की खोटा हे घरी बसून ठरवायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं.

आता मागण्या.

शिबिरात ६० च्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी पाच मिनिटं शांत बसवून, दंडाला बसेल अशा मापाच्या पट्ट्याने मोजा. मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. फॉर्मवर तिन्ही आकड्यांना जागा द्या, आणि उभ्याचा आकडा चांगला दिसला तरी किती पडला ते लिहा.

दोन किंवा जास्त गोळ्या आधीच घेणाऱ्या ज्येष्ठांची गोळी शिबिरात वाढवू नका. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहा. माणूस सोबत जुनी कार्डं घेऊन आला असेल तर ती वाचा. याच्यावर तडजोड नको.

तिसरी गोळी सुरू करणाऱ्या डॉक्टरांनी आधी ईसीजी, जमल्यास इको, डोळ्याचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन बघावं, आणि घरात पडलेले हातापायांचे जुने एक्स-रे मागवून उजेडात धरावेत. यातल्या बहुतेक गोष्टी मधुमेहासाठी तशाही करायच्याच असतात.

शेवटची मागणी शहरातल्या सर्व रुग्णालयांकडे. भासमान बीपीचं निदान पक्कं होतं ते धमनीत थेट मोजूनच. केवळ संशयावरून प्रत्येकाच्या धमनीत नळी घाला, असं मी म्हणत नाही. रक्तस्राव, गुठळी, जंतुसंसर्ग हे धोके तिथे आहेतच. पण शस्त्रक्रियेसाठी किंवा आयसीयूत आर्टरी लाइन घातली जाते, अँजिओग्राफीत महाधमनीतला दाब मोजला जातोच. त्या वेळी दंडाचा पट्टा एकदा फुगवून दोन्ही आकडे शेजारी शेजारी डिस्चार्ज कार्डावर लिहा. त्याला जादा खर्च नाही. तो फरक त्या माणसाला पुढे प्रत्येक डॉक्टरसमोर ठेवता येईल.

उभ्याने मोजायला माणसं कमी पडतात, हे तुमचं उत्तर मला आधीच मिळालं आहे. निवृत्त सिस्टर्स शहरात पुष्कळ आहेत, आणि पुढच्या शिबिराला मी स्वतः येऊन मोजायला बसेन. फॉर्ममध्ये उभ्याच्या आकड्याच्या दोन चौकटी आणि "गेल्या वर्षात पडला होता का" ही एक ओळ वाढवलेला नमुना या पत्रासोबत जोडला आहे. छपाईला जाण्याआधी तो बघावा.

आपली,
आयसीयूतली एक निवृत्त सिस्टर
सोलापूर